कंपनीच्या अथॉरिटी लेटरमध्ये नेमकं काय लिहायचं? बँक ओरिजिनल कागद देईना (वाळूज)

वाळूज_अकाउंट्स
नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघतो, प्रेस पार्ट्सचं काम आहे आमचं. कंपनीचं टर्म लोन पूर्ण फिटलं, आता प्लॉटचे ओरिजिनल कागद म्हणजे एमआयडीसीचं लीज डीड, ताबा पावती, मंजूर नकाशा, मशिनरीची इन्शुरन्स पॉलिसी अन् नो ड्यूज लेटर असं सगळं बँकेतून आणायचंय. डायरेक्टर दोन आहेत, एक साहेब इथंच असतात, दुसरे लातूरला, दोघांनाही बँकेत जाऊन बसायला वेळ नाही म्हणून मला पाठवायलेत. साहेबांनी लेटरहेडवर असं लिहून दिलं होतं:

"आमचे प्रतिनिधी श्री. अमुक यांना आमच्या कर्जखात्याची कागदपत्रे द्यावीत ही विनंती."

खाली साहेबांची सही, शिक्का. काउंटरवरच्या मॅडमनी वाचलं अन् परत दिलं. म्हणाल्या यात तुम्हाला पोच सही करायचा अधिकार कुठं दिलाय, अन् अमुक म्हणजे तुम्हीच हे मी कशावरून समजू. मी म्हणलं आधार आहे की माझ्याकडं. तर म्हणाल्या आधार तुमचं आहे, कंपनीनं तुम्हालाच पाठवलं हे त्यात नाही. बरं पण मग काय लिहायचं ते लेखी द्या म्हणलं तर फॉरमॅट नाही आमच्याकडं. कुणाकडं चालणारा मजकूर असेल तर टाका प्लीज.

जालना_सळईवाला
सोपंय भाऊ, बाँड पेपरवर करा अन् नोटरी मारा, कुठलीच बँक नाही म्हणत नाही. आमच्याकडं सगळं बाँडवरच असतंय.

परभणीचा_विकी
अरे तुम्ही उगं पाया पडायलात त्यांच्या. आरबीआयचा नियमच आहे, कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद द्यायचे, नाही दिले तर रोजचे 5000 रुपये बँकेनं द्यायचे. आमच्या वडिलांच्या घराच्या कर्जाच्या वेळी मी हेच ऐकवलं, मॅनेजर गपगुमान कागद घेऊन आला. लेटर बिटर काही नको, नियम दाखवा.

नांदेड_निवृत्त
विकी, नियम खरा आहे, पण तुम्ही अर्धाच सांगितला. तो 13 सप्टेंबर 2023 चा आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू झाला, अन् त्याच्या नावातच पर्सनल लोन आहे. वडिलांचं घराचं कर्ज त्यात बसतं. कंपनीचं टर्म लोन त्यात बसतं असं म्हणून काउंटरवर भांडायला गेलात तर तो बारका अधिकारीसुद्धा तुम्हाला पहिली ओळ वाचून दाखवील. अन् इथं बँक कागद अडवून बसलेलीच नाही, ती एवढंच म्हणते की योग्य माणसाच्या हातात द्यायचे आहेत. ते तिचं कामच आहे. उद्या लीज डीड भलत्याच्या हातात गेलं तर हेच साहेब बँकेवर नोटीस काढतील.

वाळूजकर, मी शाखेत असताना अशी पत्रं रोज बघितलीत. तुमच्या पत्रात काय कमी आहे ते संध्याकाळी निवांत लिहितो. तोवर एक बघून ठेवा. कर्ज घेताना जो बोर्ड ठराव दिला होता त्यात सही कुणाची चालेल म्हणून लिहिलंय? एका डायरेक्टरची की दोघांची मिळून?

वाळूज_अकाउंट्स
फाईल काढली काका. "दोन्ही संचालक संयुक्तपणे" असं लिहिलंय. म्हणजे पत्रावर एकाच साहेबांची सही होती तीच मुळात चालत नव्हती का?

नांदेड_निवृत्त
झालं. मॅडमनी ते बघितलं नाही, पण पुढं कागद जिथून सुटतात तिथं बघितलं असतं अन् पत्र तिथून परत आलं असतं. ज्या साहेबाला एकट्याला स्वतः जाऊन कागद घ्यायचा अधिकार नाही, तो दुसऱ्याला कुठून देणार?

आता पत्राचं सांगतो. पत्र वाचणाऱ्याच्या जागेवर बसून बघा. त्याला चार गोष्टींची खात्री पाहिजे असते. पत्र देणाऱ्याला अधिकार आहे का, समोर उभा राहिलेला माणूस तोच आहे का, त्यानं नेमकं काय करायचंय, अन् त्याची सही कंपनीवर बंधनकारक आहे का. तुमच्या पत्रात यातलं एकही नव्हतं, नुसती विनंती होती. विनंती म्हणजे अधिकार नव्हे.

माणूस तोच आहे हे दाखवायला नाव आधारवर किंवा पॅनवर जसं छापलंय तसंच पूर्ण लिहायचं, हुद्दा लिहायचा, कुठलं ओळखपत्र दाखवणार ते लिहायचं अन् आधार असेल तर शेवटचे चारच आकडे द्यायचे, पूर्ण नंबर कशाला वाटत फिरायचा. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच पत्रावर त्या माणसाची नमुना सही घ्यायची आणि शेजारी डायरेक्टरनं "वरील सही माझ्यासमोर केली, ती मी प्रमाणित करतो" म्हणून सही करायची. पोच पावतीवरची सही बँक त्याच नमुन्याशी लावून बघते. बरेच लोक नमुना सही टाकतात पण प्रमाणित करायची विसरतात, मग ती कुणीही घरी बसून केलेली असू शकते. तुम्हीही बँकेत गेल्यावर नमुन्यात केली तशीच सही करा, तिथं पूर्ण नाव अन् इथं नुसतं आद्याक्षर असं नको.

लातूर_डाळमिल
हेच आमच्याकडं ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर होतंय बघा. आम्ही पोरगा पाठवतो माल सोडवायला, तो बिल्टीवर सही ठोकून येतो, अन् सहीच्या वर छापलेलं असतंय "माल सुस्थितीत व पूर्ण मिळाला". घरी आल्यावर मोजलं की पाच कट्टे कमी. मग ट्रान्सपोर्टवाला म्हणतो तुमच्याच माणसाची सही आहे. माझी प्रोप्रायटरशिप आहे, मला असं लेटर चालंल का? का मला पण ठराव लागंल?

सीएस_ताई_संभाजीनगर
डाळमिलवाले दादा, प्रोप्रायटरला बोर्ड नसतो त्यामुळं ठराव नाही, तुमची एकट्याची सही पुरे. पण तुम्ही नकळत या धाग्यातला सगळ्यात कळीचा मुद्दा काढलात, पावतीवर आधीच छापलेला मजकूर.

बँकेच्या पोच पावतीवर पण असतंच, "सर्व कागदपत्रे मूळ स्वरूपात व सुस्थितीत मिळाली, आता बँकेकडे आमची कोणतीही मागणी किंवा तक्रार शिल्लक नाही". यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कागद मिळाले ही पोच. मागणी शिल्लक नाही ही सूट, म्हणजे कंपनीनं आपला हक्क सोडणं. अकाउंटंटला कागद आणायला पाठवायचं आणि त्यानं कंपनीचा हक्क सोडून यायचं, असं व्हायला नको. समजा फोरक्लोजरचे चार्जेस जास्त लावल्याचा तुमचा वाद चालू असेल तर त्या एका ओळीवर बँक बोट ठेवील.

म्हणून पत्रात हो काय अन् नाही काय दोन्ही लिहायचं. कागद ताब्यात घेणे, यादीशी पडताळणे, न मिळालेल्या किंवा खराब कागदाबद्दल यादीवर शेरा लिहिणे, मिळालेल्या कागदांच्या पोच पावतीवर कंपनीतर्फे सही करणे, एवढंच. पैशाची पावती देणं, कुठल्याही करारावर सही करणं, दावा सोडून देणं किंवा तडजोड करणं याचा अधिकार नाही. ही मर्यादा बँकेच्या हातात दिलेल्या पत्रातच पाहिजे हं. ऑफिसात त्याला तोंडी बजावून काही उपयोग नाही, कारण बँकेला तुम्ही वागण्या-बोलण्यातून त्याला अधिकार आहे असं वाटायला लावलं तर करार कायद्याच्या कलम 237 नं कंपनीच बांधली जाते.

जालना_सळईवाला
ताई एक सांगा, कागद आण म्हणलं की पोच सही त्यात आलीच ना? बिना सही कोण कागद देणारे? कायद्यात असंय की एखादं काम सोपवलं की त्याला लागणारं बाकीचं आपोआप येतं. मग मॅडम उगं अडवायल्या.

सीएस_ताई_संभाजीनगर
करार कायद्याचं कलम 188 म्हणताय तुम्ही, त्या कामासाठी आवश्यक असलेली प्रत्येक कायदेशीर गोष्ट करायचा अधिकार त्यात येतो हे बरोबर आहे. कोर्टात तुम्ही जिंकालही. पण काउंटरवर कोर्ट नसतं. तिथल्या अधिकाऱ्याला ऑडिटमध्ये फाईल दाखवायची असते अन् ऑडिटर विचारतो सहीचा अधिकार कुठल्या ओळीत आहे. दोन शब्द जास्त लिहायला काय जातंय.

बाँड अन् नोटरीचं पण सांगते. कंपनीचा स्वतःचा कर्मचारी कागद आणायला जाणार असेल तर लेटरहेड अन् सोबत ठरावाची प्रमाणित प्रत एवढं पुरतं. कंपनी कायद्याच्या कलम 21 मध्ये बोर्डानं अधिकार दिलेला अधिकारी किंवा कर्मचारी कंपनीतर्फे कागदावर सही करू शकतो असं आहेच. बाहेरचा माणूस पाठवायचा असेल, साहेबांचा मेव्हणा, टॅक्सवाले, एजंट, अन् त्याला जास्त कामं सोपवायची असतील तर मुखत्यारपत्र, स्टॅम्प, नोटरी हे विषय येतात. ठराव नसलेलं पत्र नोटरी केलं म्हणून ठराव तयार होत नाही. नोटरी सही कुणी केली एवढंच बघतो, त्याला कंपनीनं अधिकार दिला का हे तो सांगत नाही.

जालना_सळईवाला
हे पटलं. पण आमच्या बँकेत बाँडच मागतात, ते का कुणास ठाऊक.

बीडचा_माणूस
वाळूजकर तुमच्या लेटरहेडवर सीआयएन आहे का बघा. आमच्या कंपनीचं पत्र एका सरकारी ऑफिसात त्याच्यावरूनच अडलं होतं, जुनं छापलेलं लेटरहेड, पत्ता पण जुनाच.

वाळूज_अकाउंट्स
सीआयएन आहे, ईमेल नव्हता, प्रिंट करताना टाकला. आता ठरावाचं सांगा कुणीतरी. लातूरचे साहेब म्हणायलेत कर्ज घेतानाच्या ठरावात "कर्जासंबंधी आवश्यक ती सर्व कामे" असं आहेच, परत मीटिंग कशाला.

नांदेड_निवृत्त
यावर माझं अन् सीएस लोकांचं कधी जमलेलं नाही. माझ्या मते तो ठराव पुरतो. कर्जाची सर्व कामं म्हणजे कर्ज फेडून कागद घेणंही आलं.

सीएस_ताई_संभाजीनगर
काका, डायरेक्टर स्वतः गेले तर पुरेल. पण इथं डायरेक्टर पुढं तिसऱ्याला अधिकार देतायत. त्या जुन्या ठरावात "व त्यासाठी अन्य व्यक्तीस प्राधिकृत करणे" असं काही नसेल तर करार कायद्याचं कलम 190 आडवं येतं, ज्याला काम दिलंय त्यानं ते परस्पर दुसऱ्याकडं द्यायचं नाही. अन् नवीन ठरावाला अवघड काय आहे, दोनच डायरेक्टर, मसुदा दोघांना ईमेल करून कंपनी कायद्याच्या कलम 175 खाली सर्क्युलेशननं पास करा, पुढच्या मीटिंगमध्ये नोंद घ्या. त्यात कर्मचाऱ्याचं नाव टाकून बोर्डानंच थेट अधिकार दिला की हा वादच राहत नाही.

नांदेड_निवृत्त
बँकेच्या पॅनेलवरचा वकील काय म्हणतो त्यावर आहे ते. पण करून टाका म्हणतात तर करून टाका. प्रमाणित प्रतीवर सही करणाऱ्या डायरेक्टरचं नाव अन् डीआयएन लिहा, ठरावाची तारीख पत्राच्या तारखेच्या आधीची पाहिजे. हे सांगायचं कारण म्हणजे पत्र 5 तारखेचं अन् ठराव 9 तारखेचा असली जोडी मी डोळ्यानं बघितलीय.

परभणीचा_विकी
एवढं सगळं लिहायचं तर ते पत्र राहिलं कुठं, ग्रंथ झाला की राव 😂

वाळूज_अकाउंट्स
विकी भाऊ एका पानात बसलं बघा. सगळ्यांचं वाचून मसुदा केलाय, चुका काढा:

> प्रति, शाखाधिकारी, (बँक, शाखा, पत्ता)
> विषय: कर्जखाते क्र. ____ अंतर्गत ठेवलेली मूळ कागदपत्रे ताब्यात घेण्यासाठी अधिकारपत्र
>
> आमच्या कंपनीच्या संचालक मंडळाने दि. ____ रोजी केलेल्या ठरावानुसार (प्रमाणित प्रत सोबत) श्री. ____ (पूर्ण नाव), हुद्दा: लेखापाल, ओळखपत्र: आधार, शेवटचे चार अंक ____, यांना कंपनीतर्फे पुढील कामांसाठी प्राधिकृत करण्यात येत आहे: सोबतच्या यादीतील मूळ कागदपत्रे ताब्यात घेणे, ती यादीशी पडताळणे, न मिळालेल्या, अपूर्ण किंवा खराब कागदांबाबत यादीवर व पावतीवर शेरा लिहिणे, आणि मिळालेल्या कागदपत्रांच्या पोच पावतीवर कंपनीतर्फे सही करणे.
>
> या मर्यादेत त्यांनी केलेली सही कंपनीवर बंधनकारक राहील. रक्कम स्वीकारणे, करार करणे, कंपनीचा कोणताही हक्क वा दावा सोडणे, तसेच हा अधिकार दुसऱ्यास देणे, यांचा अधिकार त्यांना नाही.
>
> हे पत्र एकदाच वापरण्यासाठी असून दि. ____ पर्यंत वैध आहे.
>
> प्रतिनिधीची नमुना सही: ____ वरील सही आमच्यासमोर केली असून ती प्रमाणित करतो.
> संचालक (नाव, डीआयएन, सही) / संचालक (नाव, डीआयएन, सही) / कंपनीचा शिक्का / ठिकाण, तारीख

नांदेड_निवृत्त
चांगलंय. दोन गोष्टी. यादी नुसती "लीज डीड" अशी नको. लीज डीडचा दस्त नोंदणी क्रमांक, तारीख, प्लॉट नंबर, एकूण पानं असं लिहा. कर्जाच्या वेळी बँकेनं कागद घेतल्याची जी पोच दिली होती ती शोधा, तिच्यावरूनच यादी करा म्हणजे बँक म्हणणार नाही की हे आमच्याकडं कधी आलंच नव्हतं. अन् वैधतेची तारीख जवळची नको. पुष्कळदा मूळ कागद शाखेत नसतात, दुसरीकडच्या तिजोरीतून मागवावे लागतात, तोवर पत्राची मुदत संपते. मी तर 60 दिवस टाकायला सांगायचो. शाखेला आधी फोन करून कागद आलेत का विचारा. अन् पत्र जर पुण्या-मुंबईच्या ऑफिसात जाणार असेल तर इंग्रजीत करा, तिथं मराठीतलं पत्र फिरत राहतं.

लातूर_डाळमिल
मुदत संपायच्या आत माणूसच सोडून गेला तर? आमचा मुनीम असाच गेला अन् नंतर ट्रान्सपोर्टवाल्याकडून माल सोडवून नेला की.

सीएस_ताई_संभाजीनगर
तर लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला, बँकेला लेखी कळवायचं की अमुक तारखेचं पत्र रद्द, अन् त्या कळवल्याची पोच घ्यायची. तुम्ही त्याला कामावरून काढलं हे समोरच्याला कळेपर्यंत त्यानं केलेला व्यवहार तुमच्याच गळ्यात पडतो, करार कायद्याचं कलम 208 तेच सांगतं. म्हणूनच "एकदाच वापरण्यासाठी" ही ओळ.

जालना_सळईवाला
पोच पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो का? आमच्याकडं कशावर पण चिकटवतात.

नांदेड_निवृत्त
5000 च्या वर पैसे मिळाल्याची पावती असेल तर एक रुपयाचा लागतो. नुसते कागद घेतल्याच्या पोचला मी कधी लावला नाही, काही शाखा लावा म्हणतात. एक रुपयावरून भांडू नका, दोन तिकिटं पाकिटात ठेवून जा.

सीएस_ताई_संभाजीनगर
अन् वाळूजकर, नो ड्यूज लेटर यादीत वेगळ्या ओळीवर टाका अन् त्यातली कर्ज फिटल्याची तारीख तिथंच वाचा. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद करायच्या सीएचजी-4 फॉर्मला ते जोडायचंय, कंपनी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे कर्ज फिटल्यापासून 30 दिवस असतात, त्यानंतर 300 दिवसांपर्यंत जादा फी भरून होतं. तुमचं मागच्या महिन्यातलं असेल तर तारीख मोजा आधी.

वाळूज_अकाउंट्स
अपडेट देतो. ठराव सर्क्युलेशननं पास झाला, लातूरच्या साहेबांनी सही करून कुरिअरनं पाठवला, पत्र ओरिजिनलच लागलं, बीडच्या माणसानं मला मेसेज करून स्कॅन चालंल म्हणलं होतं ते नाही चाललं. मॅडमनी पत्र वाचलं, नमुना सही बघितली, आधार बघितलं, अन् एक पाकीट समोर ठेवलं. पावतीवर आधीच छापलेलं होतं "सर्व कागदपत्रे मिळाली, कोणतीही मागणी शिल्लक नाही".

मी आधी पाकीट उघडून यादी लावली. लीज डीड पूर्ण, पानं मोजली. नकाशा आहे, पॉलिसी आहे, नो ड्यूज आहे. एमआयडीसीची ताबा पावती झेरॉक्स निघाली, ओरिजिनल नाही. मॅडम म्हणाल्या सही करा, सापडली की देऊ. मी पत्रातली ओळ दाखवली की मला शेरा लिहायचा अधिकार दिलाय अन् दावा सोडायचा नाही. मग "सर्व" खोडून "यादीतील अनु. 1, 3, 4 व 5 मिळाले, अनु. 2 मूळ ताबा पावती मिळाली नाही, केवळ छायाप्रत" असं हातानं लिहिलं, मागणीची ओळ पण खोडली, प्रत्येक खोडीवर माझी अन् मॅडमची सही. मॅडम थोड्या तापल्या, मॅनेजरला विचारून आल्या अन् केली. त्यांच्या सही-शिक्क्याची एक प्रत मी घेऊन आलो.

नांदेड_निवृत्त
शाब्बास. आता बँकेला लेखी पत्र द्या, मूळ ताबा पावती अमुक तारखेपर्यंत द्या किंवा हरवल्याचं लेखी द्या. कर्जाच्या वेळची पोच सोबत जोडा, तिच्यात "मूळ" असं लिहिलंय ना?

वाळूज_अकाउंट्स
तीच तर गंमत आहे काका. त्या पोचवर "पझेशन रिसीट, 1 नग" एवढंच आहे. मूळ की झेरॉक्स काही लिहिलेलं नाही.

सीएस_ताई_संभाजीनगर
अरेरे. मग बँक म्हणणार दिली तेव्हाच झेरॉक्स होती. कर्जाच्या वेळी बँकेच्या वकिलानं टायटल सर्च रिपोर्ट दिला असेल, त्यात पाहिलेल्या कागदांची यादी असते, मूळ पाहिले असं लिहिलंय का बघा. त्यात नसेल तर एमआयडीसीच्या ऑफिसात प्रमाणित प्रत मागावी लागेल, अन् त्यासाठी नवं अधिकारपत्र. हे बँकेच्या नावाचं आहे अन् एकदाच वापरायचं, तिथं चालणार नाही.

परभणीचा_विकी
म्हणजे परत ठराव?? लातूरचे साहेब आता कुरिअरवाल्यालाच डायरेक्टर करून घेतील.

वाळूज_अकाउंट्स
सर्च रिपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडं. सोमवारी बघून सांगतो.